पाणीपुरवठ्याचं अंदाजपत्रक समोर येईल तेव्हा : स्थायी समितीच्या सभासदांना खुलं पत्र

सन्माननीय सभासद,
स्थायी समिती, नगरपरिषद

सप्रेम नमस्कार.

मी नगरपरिषदेच्या लेखा विभागात सत्तावीस वर्षं काम केलं आणि त्यातली एकोणीस अंदाजपत्रकं माझ्या हाताखालून गेली. तुमच्यापैकी बरेच जण यंदा पहिल्यांदा स्थायी समितीत बसणार आहात. फेब्रुवारीत एक जाडजूड पुस्तिका तुमच्यापुढे ठेवली जाईल. बहुधा सभेच्या आदल्या दिवशी, क्वचित सभेतच. तिच्यातली शंभरावर लेखाशीर्षं एका दुपारी कुणालाच नीट तपासता येत नाहीत. म्हणून माझी विनंती आहे की यंदा एकच विभाग घ्या, पाणीपुरवठा, आणि तो मुळापर्यंत वाचा. महसुली खर्चात पगाराखालोखाल सर्वांत मोठा आकडा अनेक ठिकाणी याच विभागाचा असतो. शिवाय याच विभागात आकड्यामागे मोजता येईल अशी वस्तू असते : पाणी, उंची, वीज, नळ. बाकी विभागांत अंदाज हा बराचसा मताचा भाग असतो. इथे तो ताडून पाहता येतो.

पुढचे आकडे कुठल्याही एका नगरपरिषदेचे नाहीत. समजायला सोपं जावं म्हणून मी साठ हजार वस्तीचं एक गाव धरलं आहे. धरणाच्या फुगवट्यात जॅकवेल, तिथून पाणी जलशुद्धीकरण केंद्रात, तिथून उंच टाक्यांत आणि मग नळाला, अशी नेहमीची व्यवस्था. रोज ९० लाख लिटर पाणी उचलतो, असं विभाग सांगतो. आकडे मी धरलेले असले तरी त्यांच्यात होणाऱ्या चुका खऱ्या आहेत. त्यातली पहिली तर मी स्वतः अनेक वर्षं केली आहे.

वीज बिलाच्या लेखाशीर्षापासून सुरुवात करू. पुस्तिकेत त्याच्यासमोर चालू वर्षाचा मूळ अंदाज २ कोटी ४० लाख, एप्रिल ते डिसेंबर प्रत्यक्ष खर्च १ कोटी ९८ लाख, सुधारित अंदाज २ कोटी ६४ लाख आणि पुढच्या वर्षाचा अंदाज २ कोटी ७७ लाख असे चार आकडे आहेत. विभागप्रमुख उठून सांगतील, ‘साहेब, फक्त पाच टक्के वाढ धरली आहे.’ हे खरं आहे. पण ती पाच टक्के वाढ सुधारित अंदाजावर आहे, आणि सुधारित अंदाज हाही अंदाजच. सभागृहाने गेल्या वर्षी मंजूर केलेल्या मूळ आकड्यावर मोजली तर तीच वाढ पंधरा टक्क्यांच्या वर जाते. म्हणून पहिला प्रश्न टक्क्यांचा विचारू नका. ‘सुधारित अंदाजाचा २ कोटी ६४ लाख हा आकडा कसा काढला, तो कागद दाखवा,’ असं म्हणा.

तो कागद बहुतेकदा एका ओळीचा असतो. नऊ महिन्यांत १ कोटी ९८ लाख, म्हणजे महिन्याला २२ लाख, गुणिले बारा, २ कोटी ६४ लाख. त्यावर पाच टक्के. गणित बरोबर आहे. चूक आहे ती ‘नऊ महिने’ या शब्दांत. पुस्तिकेतला प्रत्यक्ष खर्च म्हणजे त्या काळात अदा केलेली रक्कम. बिल कोणत्या महिन्याचं होतं, ते त्यात दिसत नाही. आपल्या गावाने गेल्या वर्षी फेब्रुवारीत पैसे कमी पडले म्हणून जानेवारीचं बिल भरलं नाही, मग फेब्रुवारीचंही राहिलं, आणि एप्रिलमध्ये अनुदान आल्यावर जानेवारी, फेब्रुवारी, मार्च अशी तिन्ही बिलं एकदम भरली. त्यापुढे दर महिन्याला मागच्या महिन्याचं बिल वेळेवर गेलं. डिसेंबरअखेर नोव्हेंबरपर्यंतची बिलं चुकती झाली. मोजून पाहा : जानेवारी ते नोव्हेंबर, अकरा बिलं. नऊ महिन्यांच्या रकान्यात अकरा महिन्यांची वीज बसली आहे. १ कोटी ९८ लाख भागिले अकरा, महिन्याला १८ लाख. वर्षाचे २ कोटी १६ लाख. मागितले आहेत २ कोटी ७७ लाख. फरक ६१ लाखांचा.

यात कुणाची लबाडी असते असं मी म्हणत नाही. माझ्या टेबलावरही हे असंच व्हायचं. सगळ्या विभागांचे नऊ महिन्यांचे आकडे एका तक्त्यात यायचे आणि सगळ्यांना एकच सूत्र लागायचं. पगाराला ते सूत्र चालतं, कारण पगार दर महिन्याला एकदाच निघतो. वीज बिलाला, ठेकेदाराच्या देयकाला, तुरटी आणि क्लोरीनच्या खरेदीला ते चालत नाही. एका वर्षी एका नवख्या नगरसेविकेने सभेत शांतपणे विचारलं, ‘यातलं शेवटचं भरलेलं बिल कुठल्या महिन्याचं आणि पहिलं कुठल्या?’ मला उत्तर देता आलं नाही. मी दुसऱ्या दिवशी व्हाउचर काढून बसलो आणि तेव्हा मला माझी चूक कळली. तो प्रश्न मी तुमच्या हाती देतो आहे. कुठल्याही नियमित बिलाला तो लागू पडतो.

आता हे ६१ लाख कुठे जातात? बिलापेक्षा जास्त तरतूद असली की ती वर्षअखेर शिल्लक राहते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पुनर्विनियोजनाचा ठराव येतो. वीज बिलाच्या शीर्षातून पैसे काढून दुसऱ्या शीर्षात टाकले जातात. तो ठराव तीस विषयांच्या यादीत सत्ताविसावा असतो आणि वाचल्याविना मंजूर होतो. म्हणून मागच्या तीन वर्षांत पाणीपुरवठ्याच्या कुठल्या शीर्षातून कुठे पैसे वळवले, एवढी एक यादी आधी मागून घ्या. दर वर्षी एकाच शीर्षातून पैसे बाहेर जात असतील तर त्या शीर्षाचा अंदाज मुद्दाम असो की सवयीने असो, फुगलेला आहे.

इथवरचं काम लेखा विभागाच्या कागदांवर होतं. यापुढचा प्रश्न मात्र इंजिनिअरला विचारायचा आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महिन्याला १८ लाखांचं बिल खरंच येतं हे मान्य. पण तेवढं यायला हवं का?

हे तपासायला इंजिनिअर असावं लागत नाही. पाणी वर उचलायला किती वीज लागते हे निसर्गाने ठरवून दिलं आहे. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच न्यायला निव्वळ ०.२७ युनिट लागतं. पंप आणि मोटार मिळून थोडी वीज वाया घालवतातच. चांगल्या स्थितीतल्या मोठ्या पंपसंचाची एकूण कार्यक्षमता साठ टक्के किंवा त्याहून थोडी जास्त असते. आपल्या गावात जॅकवेलपासून शुद्धीकरण केंद्रापर्यंत, नळीतलं घर्षण धरून, ७० मीटर आणि तिथून टाक्यांपर्यंत ४० मीटर, असा एकूण ११० मीटरचा उपसा आहे. विभागातले लोक याला ‘हेड’ म्हणतात. हा आकडा त्यांच्याकडे तयार असतो, मागा. ११० मीटरसाठी हजार लिटरला निव्वळ ०.३० युनिट, आणि साठ टक्के कार्यक्षमता धरली तर अर्धं युनिट. रोजचं पाणी ९० लाख लिटर, म्हणजे नऊ हजार वेळा हजार लिटर. दिवसाला साडेचार हजार युनिट पुरायला हवेत.

आता बिलं काढा. बिलावर रुपयांच्या आधी युनिट छापलेली असतात, पण सभेत ती कुणी वाचत नाही. आपल्या गावाची बारा बिलं मिळून २४ लाख युनिट होतात. सगळे आकार धरून युनिटला नऊ रुपये पडतात, म्हणून २ कोटी १६ लाख. २४ लाख भागिले ३६५ म्हणजे दिवसाला सुमारे ६,५७५ युनिट. हजार लिटरमागे अर्ध्याऐवजी ०.७३ युनिट. रोज दोन हजारांहून जास्त युनिट अशी जात आहेत की त्यांचा हिशेब पाण्यात लागत नाही. वर्षाला साडेसात लाख युनिट, नऊ रुपयांनी ६८ लाख रुपये. यातला काही भाग मागणी आकाराचा, म्हणजे मंजूर भारावर लागणाऱ्या स्थिर रकमेचा असतो आणि तो लगेच कमी होत नाही. तो सोडला तरी पन्नास लाखांच्या घरातली रक्कम उरते.

कारणं तीन असू शकतात, आणि विभागाला विचारायचं ते हे की यातलं कुठलं. एक, पंप झिजला आहे किंवा मुळात चुकीचा निवडला आहे. पुढच्या तीस वर्षांच्या लोकसंख्येसाठी घेतलेला जास्त क्षमतेचा पंप आज व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवून चालवला जातो. तसं असेल तर वीज त्या व्हॉल्व्हवर जळते. जॅकवेलवर जाऊन व्हॉल्व्हचं चाक किती फिरवलेलं आहे ते पाहिलं तरी हे कळतं. दोन, पाणी ९० लाख लिटरपेक्षा बरंच जास्त उचललं जातं. साठ टक्के कार्यक्षमतेचा पंप एवढ्या विजेत एक कोटी तीस लाख लिटर पाणी उचलेल. तसं असेल तर ४० लाख लिटर पाणी रोज कुठे मुरतं हा प्रश्न उभा राहतो, आणि जलसंपदा विभागाच्या मंजूर कोट्याबाहेर उचल होते आहे का हेही पाहावं लागतं, कारण जादा पाण्याला वाढीव दर लागतो. तीन, आणि माझ्या पाहण्यात हेच जास्त वेळा निघालं : पाणी ९० लाख लिटरपेक्षा कमी येतं. ९० लाखांचा आकडा मोजलेला नसतो. पंपाच्या पाटीवर लिहिलेली क्षमता गुणिले चालवण्याचे तास, असा तो काढलेला असतो. झिजलेला पंप पाटीइतकं पाणी देत नाही. तो ७० लाख लिटर देतो, तास मात्र तेवढेच चालतो आणि वीजही जवळपास तेवढीच खातो.

यातलं काय खरं ते सांगणारी वस्तू एकच, जॅकवेलच्या बाहेर पडणाऱ्या मुख्य नळीवरचं फ्लो मीटर. म्हणून सभेत हमखास विचारा, ‘मुख्य नळीवर फ्लो मीटर आहे का, चालू आहे का, आणि त्याचं मागच्या बारा महिन्यांचं वाचन नोंदवहीत आहे का?’ उत्तर ‘आहे, पण बंद आहे’ असं आलं तर त्या अंदाजपत्रकातला पाण्याशी जोडलेला प्रत्येक आकडा अंदाजाचा आहे. गळतीचाही. ‘आपली गळती पस्तीस टक्के आहे’ असं विभाग सांगेल. केंद्र सरकारने २००८ साली शहरी सेवांचे जे मानदंड ठरवले त्यात विनामहसूल पाण्याची, म्हणजे ज्याचे पैसे येत नाहीत अशा पाण्याची, मर्यादा वीस टक्के आहे, म्हणून अहवालात काहीतरी आकडा भरावाच लागतो. पण वर मीटर नाही आणि खाली नळालाही मीटर नाही, तर पस्तीस कुठून आले? किती पाणी शिरलं आणि किती पोचलं, ही दोन्ही मापं नसताना गळतीची टक्केवारी निघू शकत नाही. त्या आकड्याच्या आधाराने जुन्या वाहिन्या बदलण्यासाठी कोट्यवधी मागितले असतील तर ती मागणी मोजमाप होईपर्यंत थांबवण्यात काहीही गैर नाही.

आता जमेची बाजू. खर्चावर सगळ्यांची नजर असते, आणि जमेचं पान उलटून जातं. वास्तविक अंदाजपत्रक बिघडतं ते इथे, कारण खर्चाचा मेळ बसवायला जमा फुगवणं हा सर्वांत सोपा उपाय आहे.

आपल्या गावात ९,५०० नळजोडण्या आहेत आणि अर्धा इंची जोडणीला वर्षाला १,८०० रुपये पाणीपट्टी. चालू मागणी १ कोटी ७१ लाख. मागची थकबाकी १ कोटी ४९ लाख. एकूण मागणी ३ कोटी २० लाख. पुढच्या वर्षी २ कोटी ६० लाख जमा होतील असं पुस्तिकेत लिहिलं आहे. गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती आले? १ कोटी ४५ लाख, त्यातले १ कोटी १० लाख चालू आणि ३५ लाख थकबाकीचे. तुम्ही वसुलीची टक्केवारी विचारलीत तर तीन उत्तरं येऊ शकतात आणि तिन्ही आकडे कागदावर बरोबर असतील. आलेली सगळी रक्कम चालू मागणीने भागली तर ८५ टक्के. चालू वसुली भागिले चालू मागणी, ६४ टक्के. एकूण वसुली भागिले एकूण मागणी, ४५ टक्के. सभेत बहुतेकदा पहिला आकडा सांगितला जातो. तुम्ही टक्केवारी न विचारता मागणी, वसुली आणि बाकीचा तक्ता मागा, चालू आणि थकबाकी वेगळी दाखवलेला, तीन वर्षांचा. मग एकच प्रश्न विचारा : १ कोटी ४५ लाखांचे २ कोटी ६० लाख होण्यासाठी यंदा काय वेगळं करणार आहात? दरवाढीचा ठराव आहे का? बेकायदा जोडण्या नियमित करणार आहात का? मालमत्ता कराच्या यादीत चौदा हजार मालमत्ता आणि नळ साडेनऊ हजार, तर मधल्या साडेचार हजार घरांत पाणी कुठून येतं हे कुणी पाहिलं आहे का? काहींकडे बोअर असेल, काही घरं बंद असतील, एकाच जोडणीवर तीन भावांची तीन घरं असतील. पण सगळ्यांचं कारण तेच नसतं.

थकबाकीचंही वय विचारा. १ कोटी ४९ लाखांपैकी किती रक्कम पाच वर्षांहून जुनी आहे, आणि किती सरकारी कार्यालयांकडे आहे. घर पडलं, माणूस गेला, नळ तोडला, तरी खातं चालूच राहिलेलं असतं आणि त्यावर दर वर्षी मागणी चढत जाते. तसली मागणी जमेच्या अंदाजात धरणं म्हणजे न येणाऱ्या पैशावर खर्च ठरवणं. तो खर्च मंजूर होतो, काम सुरू होतं, आणि जानेवारीत तिजोरीत पैसे नसतात. मग कुणाचं देयक आधी काढायचं हे सभागृह ठरवत नाही. ते ज्याच्या हाती धनादेश असतो तो ठरवतो.

हाच धागा देण्यांकडे जातो. अंदाजपत्रकात विभागाने काय मागितलं ते दिसतं. काय द्यायचं राहिलं आहे ते दिसतंच असं नाही. पाण्याची देणी विशेषतः शांत असतात. जलसंपदा विभाग धरणातल्या पाण्याची पट्टी घनमीटरवर लावतो, दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं. ही पट्टी थकली म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी पाणी तोडत नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षं मागे टाकली जाते. एका नगरपरिषदेत मी रुजू झालो तेव्हा अंदाजपत्रकात या पट्टीची तरतूद दर वर्षी एकसारखी दहा लाखांची होती, कारण मागच्या वर्षीही दहा लाखच होती. येणारं बिल त्याच्या दुपटीहून जास्त होतं आणि उरलेलं साचत होतं. त्या पुस्तिकेत वीज बिल फुगलेलं होतं आणि ही पट्टी दबलेली होती. बेरीज बरोबर दिसत होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. त्यामुळे अंदाजपत्रकाबरोबर ताळेबंदातली पाणीपुरवठ्याची देणी मागा : जलसंपदा, वीज, ठेकेदार, पाइप आणि रसायनांचे पुरवठादार, प्रत्येकाचं ३१ डिसेंबरला किती येणं होतं. त्या प्रत्येक नावासमोर पुढच्या वर्षीची तरतूद लिहा. तरतूद देण्यापेक्षा कमी असेल तर तो विभाग काटकसरी आहे असं समजू नका.

भांडवली कामांबद्दल मी थोडंच लिहितो, कारण त्यावर बोलणारे तुमच्यात पुष्कळ असतील. एकच गोष्ट सांगतो, ती सहसा कुणी विचारत नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या अमृत २.० अभियानात एक लाखाहून कमी वस्तीच्या गावाला प्रकल्प खर्चाच्या निम्मं साहाय्य केंद्राकडून देण्याचं ठरलं. उरलेल्यात राज्य आणि नगरपरिषद. सभेत चर्चा होते ती नगरपरिषदेचा हिस्सा कुठून आणायचा याची. पण योजना चालवण्याचा खर्च या साहाय्यात बसत नाही. तो पाणीपट्टीतून भागवायचा असतो. आपल्या गावाने दूरच्या धरणातून नवी योजना घेतली आणि उपसा ६० मीटरने वाढला असं धरा. वरचंच गणित लावा. हजार लिटरमागे निव्वळ ०.१६ युनिट, साठ टक्के कार्यक्षमतेने ०.२७. रोज सुमारे २,४५० युनिट, वर्षाला नऊ लाखांच्या आसपास, नऊ रुपयांनी ८० लाख रुपये. ज्या गावाची चालू मागणी १ कोटी ७१ लाख आहे त्याच्या डोक्यावर दर वर्षी ८० लाखांचं नवं वीज बिल. योजना येत्या ऑक्टोबरात चालू होणार असेल तर यंदाच्याच महसुली खर्चात त्यातले ४० लाख दिसायला हवेत. शोधा, बहुधा दिसणार नाहीत, कारण भांडवली पान एक जण तयार करतो आणि महसुली पान दुसरा. योजना नको असं मी म्हणत नाही. पाणी लागतंच. पण ती मंजूर करताना पाणीपट्टी किती वाढवावी लागेल हे त्याच सभेत बोललं गेलं तर दोन वर्षांनी पंप बंद ठेवून एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ येणार नाही.

अनुदानाच्या ओळीबद्दलही एक. पंधराव्या वित्त आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचा होता. दहा लाखांखालच्या शहरांना मिळणाऱ्या त्या निधीपैकी साठ टक्के बंधित होते, निम्मे स्वच्छतेला आणि निम्मे पिण्याच्या पाण्याशी निगडित कामांना. जमेत पूर्वीचाच आकडा पुढे ओढला असेल तर तो कोणत्या आदेशाच्या आधारावर, हे विचारून घ्या. आणि बंधित निधीतली शिल्लक अखेरच्या शिल्लक रकमेत मिसळून ‘एवढे पैसे हातात आहेत’ असं दाखवलेलं नाही ना, तेही पाहा. त्या पैशातून तुम्हाला पगार किंवा रस्त्याचा डांबर थर करता येणार नाही.

हे सगळं सभेत उभं राहून विचारलंत तर उत्तर एकच येईल : ‘माहिती घेऊन कळवतो.’ म्हणून सभेच्या किमान आठ दिवस आधी मुख्याधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या आणि चार कागद मागा. बारा महिन्यांची वीज बिलं, प्रत्येक पंपघराची वेगळी. मागणी, वसुली आणि बाकीचा तीन वर्षांचा तक्ता. पाणीपुरवठ्याच्या देण्यांची यादी. तीन वर्षांतली पुनर्विनियोजनं. यातलं काहीही नव्याने तयार करावं लागत नाही, सगळं कार्यालयात असतं. बिलं मिळाली नाहीत तर ग्राहक क्रमांक मागा. वीज कंपनीच्या संकेतस्थळावर त्यावरून चालू बिल पाहता येतं.

तुमच्यातल्या पाणीपुरवठा समितीच्या सभापतींना मी वेगळं सांगतो. नगरपरिषद कायद्यानुसार विषय समित्यांचे सभापती स्थायी समितीतही असतात. त्यामुळे तुमच्याच समितीने पाठवलेला प्रस्ताव तपासायला तुम्हीच बसता. अडचण होते, मी पाहिली आहे. तुम्ही बचावाला उभे राहिलात की बाकीचे सभासद तुमचा मान राखून गप्प बसतात. म्हणून वीज बिलाचा प्रश्न तुम्हीच पहिला विचारा. विभाग तुमच्यापासून कागद लपवणार नाही, आणि तुम्ही विचारलंत की तो विरोधी पक्षाचा प्रश्न राहत नाही.

शेवटी, फुगलेले ६१ लाख सापडले म्हणून ते सरळ कापून रस्त्यांकडे वळवू नका. तशी घाई मी पाहिली आहे. उन्हाळ्यात एक मोटार जळली की तो विभाग पुन्हा तुमच्याच दारात येतो, आणि पुढच्या वर्षी आकडा आणखी फुगवून आणतो. आपल्या गावासाठी मी असं सुचवेन : वीज बिलाची तरतूद २ कोटी १६ लाखांवर दरवाढीसाठी दहा टक्के धरून २ कोटी ३८ लाख ठेवा. उरलेल्या ३९ लाखांतून आधी मुख्य नळीवर फ्लो मीटर आणि दोन्ही पंपघरांची ऊर्जा तपासणी करून घ्या. जे राहील ते जलसंपदाच्या थकलेल्या पट्टीला लावा. ठरावात लिहून घ्या की दर तीन महिन्यांनी स्थायी समितीपुढे तीन आकडे येतील, किती पाणी उचललं, किती युनिट जळाली आणि किती पाणीपट्टी जमा झाली. इतिवृत्तात ही अट शब्दशः उतरली आहे का ते पुढच्या सभेत, इतिवृत्त कायम करण्याआधी, वाचून घ्या. पहिली तिमाही जूनअखेर संपते. मीटर तोवर बसलं नसेल तर जुलैच्या सभेत निविदा कुठे अडली ते विचारायला विसरू नका.

आपला,
एक सेवानिवृत्त लेखापाल